कूलरची घरघर जाते, आजीची हाक राहते: 'ध्वनिरोधक' म्हणावं का?

*"इअरफोनच्या डब्यावर 'अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलिंग' लिहिलं आहे. एका जाहिरातीत त्याला 'ध्वनिरोधक' म्हटलेलं पाहिलं. शब्द बरोबर आहे का? आमच्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो. हे लावलं की कूलरचा आवाज जातो, पण आजीची हाक ऐकू येतेच. मग रोधक कसलं? शिवाय कानात दडे बसल्यासारखं होतं." – दर्यापूर तालुका, जि. अमरावती*

'ध्वनिरोधक' हा शब्द इअरफोनच्या टोकाच्या रबरी बोंडाला शोभतो. ते कानाच्या भोकात घट्ट बसतं आणि बाहेरचा आवाज अडवतं. डब्यावर लिहिलेलं काम मात्र अडवण्याचं नाही. बुद्धिबळात शहाला काटशह देतात, तशी इथे आवाजाला आवाजानेच काट दिली जाते. म्हणून मी 'आवाजकाट' म्हणेन. पाठ्यपुस्तकी शब्द हवा असेल तर 'विनाशी व्यतिकरण' आहे, पण तो दुकानात चालायचा नाही.

आवाज म्हणजे हवेचा दाब क्षणाक्षणाला थोडा वाढणं आणि थोडा कमी होणं. इअरफोनच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक माइक असतो. तो येणारा आवाज टिपतो, आतली चिप त्याची उलटी लाट तयार करते आणि स्पीकर ती कानात सोडतो. बाहेरून दाब वाढत असेल त्याच क्षणी स्पीकर तो तेवढाच कमी करतो. चांगल्या इअरफोनमध्ये कानाच्या बाजूलाही एक माइक असतो. काय उरलं ते तो पाहतो आणि दुरुस्ती करतो. ही कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट 1936 साली मिळालं होतं.

सगळी गंमत 'त्याच क्षणी' या दोन शब्दांत आहे. तुमचाच कूलर घेऊ. पंख्याची मोटर मिनिटाला साधारण 1400 फेरे घेते आणि पात्याला चार पाकळ्या आहेत असं धरलं, तर सेकंदाला सुमारे 93 वेळा पाकळी हवेला धक्का देते. कूलरच्या घरघरीचा मोठा भाग हाच. तिच्या एका लाटेला जवळजवळ 11 मिलिसेकंद लागतात. आता समजा उलटी लाट एक दशांश मिलिसेकंद उशिरा पोचली. 11 पुढे एवढा उशीर म्हणजे काहीच नाही, दोन्ही लाटा जवळपास पूर्ण कटतात आणि मूळ लाटेच्या उंचीचा सहा टक्क्यांच्या आसपास भाग उरतो.

तोच उशीर सेकंदाला 3000 कंपनांच्या आवाजाला लावून पाहा. तिथे अख्खी लाटच एक तृतीयांश मिलिसेकंदाची. एवढ्या उशिरात ती तिसऱ्या हिश्श्याने पुढे निघून गेलेली असते. मग काट बसत नाही, उलट दोन्ही लाटा मिळून मूळच्या दीडपटीहून मोठा आवाज होतो. म्हणून बनवणारे साधारण हजार कंपनांच्या वरच्या आवाजाला फारसा हात लावत नाहीत. तो भाग रबरी बोंडावर सोडलेला असतो.

आजीची हाक इथेच निसटते. बाईच्या आवाजाचा मूळ सूर दोनशेच्या आसपास असतो आणि तो थोडाफार कटतोही. पण शब्द ओळखू येतात ते क, च, ट, स यांसारख्या व्यंजनांवरून, आणि त्यांची बरीचशी ताकद दोन हजारांच्या वर असते. म्हणून हाक पातळ होते, पण कळते.

मराठीने ही विभागणी आधीच करून ठेवली आहे, असं मला नेहमी वाटतं. घरघर, गुणगुण, भणभण हे दुहेरी शब्द अखंड चालणाऱ्या आवाजांचे, आणि त्यातली घरघर तर खालच्या सुराचीच. ती कटते. खणकन, टणकन, फाटकन हे एकदाच होणाऱ्या आवाजांचे शब्द. असल्या आवाजात खालचे-वरचे सगळे सूर एकदम येतात. खालचे कमी होतात आणि वरचे घुसतात. वाळ्याच्या ताटीवरून पडणाऱ्या पाण्याची झिरझिर दुहेरी शब्दाची असली तरी वरच्या सुरांची, त्यामुळे तीही बरीच राहते. म्हणजे नियम अगदी पक्का नाही.

आता दडे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना बसतात ते दडे खरे. तिथे पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो. आवाजकाटीने असा फरक पडत नाही. खालचे सूर एकदम नाहीसे होतात आणि वरचे राहतात, तेव्हा मेंदूला कान बंद झाल्यासारखं वाटतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. स्वतःचं बोलणं घुमणं आणि चावताना कडकड मोठी वाटणं हा प्रकार वेगळा. तो बोंडाने भोक बंद केल्यामुळे होतो. फरक ओळखायचा तर इअरफोन कानातच ठेवून फक्त आवाजकाट बंद करा. दडे गेले तर कारण काट आहे, आणि काही इअरफोनमध्ये तिचा जोर कमी करता येतो. नाही गेले तर वेगळ्या मापाचं बोंड लावून पाहा. सैल बोंडाचा इलाज करू नका मात्र. फटीतून घरघर थेट आत येते, गाण्यातले खालचे सूर बाहेर निसटतात आणि काट लंगडी पडते.

कूलरपुढेच आणखी एक फसगत होते. आपल्याकडे उन्हाळ्यात खाट कूलरच्या झोतातच टाकायची पद्धत. तो झोत बाहेरच्या माइकवर आदळला की माइकला फडफड ऐकू येते. ती तुमच्या कानापर्यंत तशी पोचणारी नसते, पण चिप तिचीही उलटी लाट कानात सोडते. म्हणजे नसलेला आवाज तयार होतो. डोकं झोतातून हातभर बाजूला घेतलं की फरक लगेच कळतो. कुशीवर झोपल्यावर उशी माइकला घासते तेव्हा खरखर किंवा शिट्टी येते, त्याचंही मूळ माइकपाशीच.

आणि लाइट गेली, कूलर थांबला, की काट बंद करावी. कापायला काही उरलेलं नसतं. मग माइक आणि चिपची स्वतःचीच बारीक सळसळ ऐकू येते आणि रात्रीच्या शांततेत तीच त्रास देते.

खरा फायदा शांततेपेक्षा आवाजाच्या बटणाचा आहे. घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ऐकायला हरकत नाही. दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 89 ला फक्त 5 तास. पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं रोज तीन तास व्हिडिओ ऐकत असेल, तर दोन दिवसांतच ते संपतात. काट चालू करूनही आवाज पूर्वीइतकाच ठेवला तर कानाचं काही भलं होत नाही.

जाता जाता, डब्यावर एएनसी, म्हणजे हीच आवाजकाट, आहे की ईएनसी तेही वाचा. ईएनसी तुमच्या फोनवरच्या बोलण्यातून मागचा गोंगाट काढतं. त्याचा उपयोग पलीकडच्या माणसाला, तुम्हाला कूलर तसाच ऐकू येईल. स्वस्तातल्या डब्यांवर पुष्कळदा एवढंच असतं आणि दुकानदार दोन्हींना 'नॉइज कॅन्सलेशन'च म्हणतो.