मलमलच्या कुर्त्याला फ्रेंच सीम: धागे बाहेर येतात आणि कुर्ता आवळतो

«मलमलच्या कुर्त्याला बाजूने फ्रेंच सीम घातली. सुलट बाजूने शिलाईतून बारीक धागे डोकावतात आणि छातीतही घट्ट झालाय. माप बरोबर होतं. आता उसवून जीन्ससारखी शिलाई घालू का?»

जीन्ससारखी नको. आधी दुसरी टीप उसवा, पहिली राहू द्या. कारण सांगते, कारण अगदी हाच त्रास मी पैसे मोजून घेतला आहे.

काही कुर्ते मी एका युनिटला शिवायला दिले होते (नाव घेत नाही). कटिंग माझं होतं, प्रत्येक कडेला दीड सेंटीमीटर माया. त्यांनी पहिली टीप एक सेंटीमीटरवर मारली, कड कापलीच नाही, उलटवून दुसरी टीपही एक सेंटीमीटरवर. म्हणजे प्रत्येक कडेला दोन सेंटीमीटर गेले, अर्धा सेंटीमीटर जास्त. दोन बाजूंच्या चार कडा, म्हणजे छातीत दोन सेंटीमीटर कमी! तक्रार केली तर उत्तर, ‘मलमल सैल विणीची आहे, धागे येणारच.’ नंतरच्या लॉटला त्यांनी ‘सुधारणा’ म्हणून आतली कड ओव्हरलॉक केली. धागे थांबले, पण शिलाई इतकी जाड झाली की पातळ कापडातून तिची रेघ बाहेर उठून दिसायची. शिलाईचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

दोष कापडाचा नव्हता. फ्रेंच सीमची पहिली टीप उलट बाजू आत आणि सुलट बाजू बाहेर ठेवून पडते, हे तुम्हाला माहीत असेलच. दीड सेंटीमीटर मायेत ती ९ मिलिमीटरवर घ्यायची. मग कड कापून फक्त ३ मिलिमीटर ठेवायची, सुटे धागेही कापायचे, इस्त्री करून उलटवायचं आणि घडीपासून ६ मिलिमीटरवर दुसरी टीप. नऊ अधिक सहा, झाले पंधरा. ३ मिलिमीटरची कड ६ मिलिमीटरच्या पिशवीत पूर्ण मावते. कड न कापता ठेवली, की दुसरी टीप तिच्या टोकांवरून किंवा अलीकडून जाते आणि टोकं सुलट बाजूला येतात. मलमल असल्यामुळे दुसऱ्या टिपेआधी कापड खिडकीसमोर धरा: कापलेली कड गडद पट्ट्यासारखी दिसते. टीप त्या पट्ट्याच्या पलीकडे पडायला हवी.

तुमची पहिली टीप एक सेंटीमीटरवर असेल, तर दुसरी उसवून कड ३ मिलिमीटरवर कापा आणि नवी टीप ५ मिलिमीटरवर घ्या. एकूण पुन्हा पंधरा, गेलेलं माप परत मिळतं. सुईची भोकं पाणी शिंपडून इस्त्री केली की बरीच बुजतात. आधी पट्टी लावून मोजा, मी अंदाजाने बोलतेय. नुसते डोकावणारे धागे कात्रीने कापू नका, धुतल्यावर परत येतात.

बरोबर झालेली फ्रेंच सीम बाहेरून फक्त जोडाची रेघ असते, टीप दिसतच नाही. आतून एक अरुंद, बंद पट्टी आणि तिच्यावर एकच टीप. पट्टी सुटी असते, म्हणून एका बाजूला दाबायची.

जीन्सची शिलाई, म्हणजे फ्लॅट फेल्ड, याच्या उलट आहे: तिची पट्टी कापडालाच शिवलेली आणि सपाट. उलट बाजू आत ठेवून सुरू केली तर बाहेर दोन समांतर टिपा, आत एक; सुलट बाजू आत ठेवली तर बाहेर एक, आत दोन. एक कड अर्ध्यावर कापून दुसरी तिच्यावरून दुमडायची. मलमलवर ती कडक पट्टी होते आणि घट्टपणा तर जाणारच नाही. शर्टाच्या खादीला किंवा डेनिमला ती शोभते. वादाला जागा आहे, पण मुंढ्याच्या वळणावरही मी या दोन्ही टाळते; तिथे कड कापून पातळ पट्टीची बाइंडिंग लावते.

आता खालच्या घेराबद्दल, न विचारताच. तिथे रोल्ड हेम घालणार असाल, म्हणजे २-३ मिलिमीटरची गुंडाळलेली कड, जी आतून-बाहेरून जवळपास सारखीच दिसते, तर फ्रेंच सीमचा जाड जोड हेमर फूटमध्ये अडकतो आणि तिथेच गुंडाळी सुटते. जोड येण्याआधी त्याच्या मायेचा कोपरा तिरका कापा. तरी अडकलं तर फूट उचला, तेवढा भाग हाताने वळवून शिवा, मग पुढे मशीनवर. गोल घेराला हेमर फूट तसाही कंटाळा आणतो.