ओट्याखालची एक फळी, आठ स्लाइड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

लहान घरात सामान कसं ठेवायचं यावरच्या तुझ्या कॅरोसेलचा, म्हणजे बोटाने सरकवत बघायच्या स्लाइडच्या पोस्टचा, कच्चा आराखडा दोनदा वाचला. दहा स्लाइडमध्ये तू कपाट, माळा, बाल्कनी, पलंगाखालची जागा, स्वयंपाकघर असं अख्खं घर बसवलंयस. त्यामुळे प्रत्येक जागेच्या वाट्याला एकच ओळ आलीय. "पलंगाखाली बॉक्स ठेवा" हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं. बॉक्स किती उंचीचा घ्यायचा आणि धुळीचं काय करायचं, तिथे त्याचं अडतं. म्हणून एकच जागा घे, ओट्याखालची फळी. वन रूम किचनमध्ये सगळ्यात जास्त वैताग तिथेच येतो.

ओटा साधारण दोन फूट खोल असतो. मागचं काही हवं असेल तर पुढचं सगळं बाहेर काढावं लागतं. भाड्याच्या घरात ट्रॉल्या करून घेणं परवडत नाही, म्हणून तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन वापरायचा. कॅन आडवा ठेवला की मूठ आपल्याकडे येते आणि ओढायचा खण तयार होतो. आधी तो दोन दिवस उलटा ठेवून तेल निथळू दे. मग आडव्या कॅनची वर येणारी बाजू दोन बोटं कडा सोडून कटरने काप. आतून कोरडं बेसन चोळ, ते उरलेलं तेल शोषून घेतं. नंतर साबणाने धू आणि उन्हात वाळव. कापलेली कड हाताला लागते, तिच्यावर चिकटपट्टी दुमडून लाव. ही पट्टी जवळून दाखव, कारण लोक नेमकं हेच विसरतात.

असे दोन कॅन एकामागे एक ठेवायचे. मागच्याच्या मुठीला सुतळी बांधून टोक पुढे आणून ठेवायचं. मागच्यात महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू, पुढच्यात रोजच्या. कांदे-बटाटे ठेवायचे तर कॅनला बाजूने भोकं पाड आणि दोघांना वेगळे कॅन दे, एकत्र राहिले की लवकर खराब होतात. डाळ-तांदळाची जड पाकिटं मात्र नकोत, बाजू फाकतात. सिंकच्या पाइपखाली खाण्याचं काहीच ठेवायचं नाही. तिथे रात्री जुनं वर्तमानपत्र पसरायचं. सकाळी ते मऊ लागलं तर पाइप गळतोय, आधी तो दुरुस्त करायचा.

चिकट हुकवाली स्लाइड राहू दे, पण पूर्ण सांग. आमच्याकडे जुलैत उलथनी-झाऱ्यांसकट हुक खाली आला आणि भिंतीच्या डिस्टेंपरचा पापुद्राही घेऊन आला. हुक टाइल्सवरच टिकतो. टाइलचा तेलकटपणा साबणाने काढायचा, पूर्ण कोरडी करायची, हुक दाबून लावायचा आणि एक दिवस त्याला काहीही अडकवायचं नाही. घरमालकाची भिंत उखडली तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, हेही लिही.

स्लाइडचा आकार 1080 × 1350 पिक्सेल ठेव, पहिलीपासून शेवटपर्यंत तोच. पहिल्या स्लाइडवर पसाऱ्याचा खरा फोटो हवा. दुसरीवर मोजपट्टी, मग कॅन कापणं, कड, मांडणी, हुक आणि खर्च, अशा सात झाल्या. खर्चात फक्त विकत घेतलेलं लिही आणि घरात होतं ते "घरातलंच" म्हणून वेगळं दाखव. ओळींमधलं अंतर वाढव. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतायत, मोबाइलवर ते वाचवत नाही.

आठवी स्लाइड चेकलिस्टची. तुझ्या यादीत "पसारा कमी करा" आहे, त्यावर खूण कधी करायची? लोक हीच स्लाइड सेव्ह करतात, स्क्रीनशॉट घेऊन घरच्या ग्रुपवर टाकतात. तिथे आधीच्या सात स्लाइड सोबत नसतात, म्हणून ती एकटी वाचली तरी कळायला हवी. मी अशा ओळी लिहीन: फळीची खोली, रुंदी, उंची मोजली. सिंकखालचा कागद सकाळी कोरडा होता. कॅनच्या कडांना पट्टी लावली. कांदे आणि बटाटे वेगळे ठेवले. मागच्या कॅनची सुतळी हाताला येते. हुक लावून एक दिवस झाला. सहा पुरेत. प्रत्येकीपुढे रिकामा चौकोन काढ आणि वरचा उजवा कोपरा मोकळा सोड, तिथे स्लाइडचा आकडा दिसतो.

फोटो दिवसाउजेडी काढ, ट्यूबलाइटमध्ये कॅनचा रंग वेगळा दिसतो. आणि कापताना कटर अंगाकडे ओढू नकोस. तेलाने हात निसरडे असतात, हातमोजे घाल. नवा आराखडा झाला की आधी आठवी स्लाइड एकटीच मला पाठव.

तुझी,
मावशी