लाल कोबी नसली तरी हळदीवर चांगला प्रोजेक्ट होतो

प्रश्न: बारावीचा केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट आहे, नैसर्गिक इंडिकेटरवर. आमच्या तालुक्याला लाल कोबी मिळत नाही, हळद आणि जास्वंद आहे. नुसता रंग बदललेला दाखवला तर सर म्हणतात, हे सातवीचं झालं. काय करू?

लाल कोबीसाठी नांदेडच्या चकरा मारू नका. सरांचं म्हणणंही बरोबर आहे. रंग बदलतो हे सगळ्यांना माहीत आहे. साबण लागला की कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, हे तुमच्या आईला तुमच्या आधीपासून ठाऊक आहे. तुम्ही असं विचारा की टायट्रेशनमध्ये नेमकं कुठे थांबायचं, हे हळद खरं सांगते की जास्वंद?

पानाच्या टपरीवरून चुना आणा. लिटरभर पाण्यात दोन चमचे कालवून झाकण घट्ट लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी वरची निवळी हलक्या हाताने काढून घ्या. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, चष्मा लावूनच करा. निवळी उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पांढरी साय धरते आणि ती पातळ पडते. किराणा दुकानातलं 4 टक्क्यांचं व्हिनेगर दहापट पातळ करा, म्हणजे 10 मिलीचे 100 मिली. हळद पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून चिमूटभर पूड स्पिरिटमध्ये भिजवून गाळा. गरम करू नका, स्पिरिट पेट घेतं. वसमतकडची घरी दळलेली हळद असेल तर उत्तम. बाजारची पूड आम्लात गुलाबी-जांभळी झाली तर तो शोध समजू नका, त्यात मेटॅनिल यलो हा रंग मिसळलेला असण्याची शक्यता आहे.

20 मिली निवळीत हळदीचे चार थेंब टाकले की लालसर तपकिरी रंग येतो. ब्युरेटमधून व्हिनेगर सोडत जा. नारिंगी होऊन पिवळं झालं की थांबा. संपृक्त निवळीत लिटरला सुमारे 1.6 ग्रॅम चुना असतो, त्या हिशोबाने साधारण 13 मिली व्हिनेगर लागायला हवं. हेच फिनॉफ्थॅलिन घालून करा. दोघांचे आकडे थेंबभराच्या फरकाने जुळतात, कारण हळद पीएच 7.4 ते 8.6 च्या दरम्यान रंग बदलते आणि अॅसिटिक आम्ल-चुना या जोडीचा शेवटचा बिंदूही 8 च्या वरच, तिथेच कुठेतरी असतो.

आता जास्वंद. अल्कलीत हिरवी, मग निळसर जांभळी आणि शेवटी आम्लात गुलाबी. छान गुलाबी होईपर्यंत थांबलात तर पीएच 4-5 च्या आसपास आलेला असतो, आणि तिथे पोचायला व्हिनेगर दीडपट किंवा त्याहून जास्त गेलेलं असतं. लाल कोबीतही जास्वंदीसारखीच अँथोसायनिन गटातली रंगद्रव्यं असतात, म्हणून ती मिळाली असती तरी अडचण हीच आली असती. तिचे पाच-सहा रंग द्रावण कितपत आम्लधर्मी आहे हे दाखवायला झकास, पण ते हळूहळू बदलत जातात, थांब म्हणून सांगत नाहीत. उलट हळदीला लिंबाचा रस आणि साधं पाणी सारखंच पिवळं दिसतं. दोघांच्या मर्यादा शेजारी-शेजारी मांडा.

दोन ठिकाणी फसाल. अल्कलीत हळदीचा लाल रंग हळूहळू आपोआपही फिका पडतो. फ्लास्क तसाच ठेवून चहाला गेलात आणि परत येऊन पिवळं दिसलं, तर हळदीचा ताजा थेंब टाकून बघा. पुन्हा लाल झालं तर अल्कली अजून शिल्लक आहे, तुमचा शेवटचा बिंदू खोटा होता.

दुसरं, पाणी. पहिल्या वर्षी आमच्या पोरांनी जास्वंदीच्या पाकळ्या बोअरच्या पाण्यात उकळल्या आणि काहीच न घालता मळकट हिरवट काढा निघाला. सगळे फुलालाच दोष देत बसले. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यात बायकार्बोनेट. उकळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी जास्तच अल्कधर्मी होतं. भांड्याच्या तळाला बसतो तो पांढरा थर त्याचाच. तेव्हापासून आम्ही बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर गाडीच्या दुकानातून आणतो.

प्रत्येक इंडिकेटरचे तीन-तीन रीडिंग एकाच बाटलीतल्या निवळीवर घ्या. चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे डिसेंबरची निवळी आणि एप्रिलची निवळी यांची ताकद सारखी नसते.