वेळापत्रक नंतर, आधी आठवड्याचा हिशेब

“मॅडम, टाइमटेबल मी लय वेळा बनवलं, पण तीन दिवसांच्या वर टिकतच नाही. घरचं काम, कॉलेजची येजा, त्यात कापूस. बारावीला दिवसाचे सहा तास अभ्यास तर पाहिजेच ना? पण वेळच भेटत नाही.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीचा हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

मी तिला नवं वेळापत्रक करू दिलं नाही. वहीच्या पानावर सात दिवसांचे रकाने आखून दिले आणि तासातासाला काय केलं ते लिहायला सांगितलं. या आठवड्यात स्वतःला सुधारायचं नाही, नेहमीसारखंच वागायचं. नोंद दिवसातून चारदा करायची: बसमध्ये बसल्यावर, दुपारी डबा खाताना, घरी आल्यावर आणि झोपताना. सगळं रात्री एकदम आठवून लिहिलं की माणूस अभ्यास फुगवतो आणि मोबाइल विसरतो. मोबाइलचा आकडा तर सेटिंगमधल्या स्क्रीन टाइमवरूनच उतरवायचा.

आठवड्याचे तास 168. तिच्या पानावर झोप 49 तास निघाली. सकाळी नऊला घर सोडून सहाला परत, असे सहा दिवसांचे 54. पाणी भरणं, झाडलोट, स्वयंपाक मिळून 21. अंघोळ-जेवणाचे 14. रविवारी दिवसभर कापूस वेचायला, ते 9. उरले 21 तास. दिवसाला सहा म्हणजे आठवड्याला 42 तास लागणार होते, आणि हातात त्याच्या निम्मेच होते. तिचं प्रत्येक वेळापत्रक याच फरकामुळे मोडत होतं, आणि ती मात्र स्वतःला आळशी समजत होती.

या 21 मध्ये मोबाइल आणि टीव्ही 8 तास, ‘अभ्यास’ 6 तास. उरलेले 7 तास दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे होते, ते मी हिशेबातूनच काढून टाकले. मग ‘बुधवार, रात्री 8 ते 9, अभ्यास’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “काय वाचलंस?” थोडं थांबून ती म्हणाली, “लाइन गेली होती मॅडम. मग आईनं कणीक मळायला बोलावलं. गणितं दोनच झाली.” प्रत्यक्ष अभ्यास वीस-पंचवीस मिनिटांचा होता. तेव्हापासून मी मुलांना नोंदीत ‘अभ्यास’ हा शब्द एकटा लिहू देत नाही. धडा आणि सोडवलेली गणितं सोबत लिहायची.

तिच्या सगळ्या जुन्या वेळापत्रकांत पहाटे चारचं वाचन होतं. पानावर मात्र सातही दिवस अकराला झोप आणि सहाला उठणं. पहाट आम्ही खोडून टाकली.

मोकळा वेळ सापडला तो तिने ‘कॉलेज’ म्हणून धरलेल्या तासांत. वर्ग चारला सुटतात, गावाची बस सव्वापाचला. मैत्रिणींसोबत ती स्टँडवर उभी राहायची. स्टँडपर्यंत चालत जायचा वेळ सोडला, तर कॉलेजच्या वाचनालयात रोज 50 मिनिटं बसता येत होतं. आठवड्याचे 5 तास झाले, आणि तिथे कणीक मळायला बोलावणारं कोणी नव्हतं. भौतिकशास्त्राची गणितं तिथेच ठेवली.

वापरता येण्याजोगे तास मग 19 झाले. मी 13 च बांधले: वाचनालयातले 5, सोमवार ते शनिवार रात्री एकेक तास, रविवारी संध्याकाळी 2. सगळेच्या सगळे तास बांधले तर पाहुणा आला किंवा डोकं दुखलं की त्या दिवसाचं राहिलेलं भरून काढायला जागाच उरत नाही. मोबाइलही पूर्ण बंद केला नाही. जेवणानंतरची थोडी वेळ तशीच ठेवली.

एका आठवड्याच्या नोंदीत सगळं दिसत नाही. तिच्या वावरातल्या मोटारपंपाला एका आठवड्यात दिवसा लाइन असते, पुढच्यात रात्री. नोंदीचा आठवडा दिवसाच्या लाइनचा होता. रात्रीची लाइन आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी वडिलांसोबत टॉर्च घेऊन तिलाही जावं लागतं, भाऊ लहान आहे. नवं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात याच कारणाने डगमगलं. म्हणून पुढचे सात दिवस पुन्हा नोंद केली. रात्रीच्या लाइनच्या आठवड्यासाठी वेगळा, 9 तासांचा आराखडा झाला: वाचनालयाचे 5, बाकीचे 4 ओलित नसलेल्या रात्री आणि रविवारी. दोन्ही पानं तिने भिंतीला शेजारी-शेजारी चिकटवली आहेत. वेचणी संपून रविवार मोकळा झाला की ती तिसऱ्यांदा नोंद करणार आहे.

शेवटचं भेटली तेव्हा सहा तासांचं नाव तिने काढलं नाही. रसायनशास्त्राचे कोणते धडे रविवारच्या दोन तासांत बसतील, एवढंच विचारलं.