‘हळूहळू त्यांची मैत्री झाली’ या चार शब्दांत दडलेली कथा

सप्रेम आशीर्वाद.

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

लिफ्टमधला प्रसंग फार चांगला उतरलाय. त्याच आठवड्यात राहायला आलेल्या दोघी, एकाच मजल्यावरच्या. एक ‘नमस्कार’ म्हणते. दुसरीच्या कानात इअरफोन, तिला नुसते ओठ हललेले दिसतात आणि ती उत्तर देते, ‘हो, चौथाच.’ मग चौथा मजला येईपर्यंत दोघी दारावरच्या आकड्यांकडे बघत राहतात. वाचताना मलाच अवघडून आलं. तिथला एक शब्दही बदलू नकोस.

अडचण त्याच्या पुढे आहे. तू लिहिलंयस, ‘हळूहळू त्यांची मैत्री झाली.’ आणि लगेच एकीला रात्री बरं वाटेनासं होतं, दुसरी तिला हॉस्पिटलमध्ये नेते, डोळ्यांत पाणी, कथा संपली. वाचक जे बघायला आलाय ते नेमकं त्या चार शब्दांत कोंडून ठेवलंयस. हॉस्पिटलचा प्रसंग मी सरळ खोडलाय, रागावू नकोस. संकटात धावून आलेल्या माणसाबद्दल कृतज्ञता वाटते, पण कृतज्ञतेत एक वर असतो आणि एक खाली. मैत्रीला दोघी एका पातळीवर लागतात. शिवाय एवढं मोठं संकट आणलं की ते सगळं काम स्वतःच करून टाकतं, तुझ्या पात्रांना करायला काही उरत नाही.

तर ते चार शब्द उघडून बघू.

लिफ्टमधल्या त्या फसलेल्या नमस्कारानंतर दुसऱ्या दिवशी काय होईल? ओळख वाढणार नाही, आधी टाळाटाळ होईल. ‘नमस्कार’ म्हणणारीला वाटेल, हिला बोलायचंच नव्हतं. घरी गेल्यावर दुसरीच्या लक्षात येईल की ती काहीतरी भलतंच बोलून गेली, आणि ती शरमेल. सकाळी बाहेर पडताना ती दाराशी थांबेल, पलीकडच्या कुलपाचा आवाज ऐकेल, पावलं लांब जाईपर्यंत कडी काढणार नाही. एखाद्या दिवशी जिन्यानं उतरेल. आणि इकडे पहिलीही तेच करत असेल! दोघी एकमेकींना टाळायला जिना धरतात आणि जिन्यातच समोरासमोर येतात. इथे कथा पुन्हा सुरू होते, आणि तुला योगायोग ओढूनताणून आणावा लागत नाही.

म्हणून आधी मजल्याचा नकाशा काढ. खरंच कागदावर काढ. कुणाचं दार लिफ्टसमोर, कुणाचं टोकाला, पत्रपेट्या कुठे, बाहेर पडताना कुणाला कुणाच्या दारावरून जावं लागतं. मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोण कुणाचं मित्र झालं याची पाहणी केली होती. ती १९५० साली प्रसिद्ध झाली. सर्वांत जास्त मैत्री जुळली ती शेजारच्या दाराशी, आणि चार-दोन दारं पलीकडे गेलं की ती झपाट्यानं कमी होत होती. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर इतर तळमजलेवाल्यांपेक्षा जास्त ओळखी होत्या, कारण वरची माणसं रोज त्यांच्याच दारावरून जायची. म्हणजे भिंतींमधलं अंतर एक, आणि जाण्यायेण्याचा रस्ता दुसराच. तुझ्या कथेत एकीचं दार जिन्याला लागून ठेव. मात्र जवळीक फक्त गाठ घालून देते. भांडणंही शेजारच्याच दाराशी होतात. पुढचं पात्रांनाच करावं लागतं.

पुढचं काय, तर उसनवारी. नव्या घरात पडद्याचा दांडा लावायचा असतो आणि स्क्रूड्रायव्हर कुठल्या खोक्यात गेलाय ते सापडत नसतं. जिन्यातल्या भेटीनंतर दुसरी पहिलीचं दार वाजवते. आता बघ, पहिल्या वेळी ती तो दहा मिनिटांत परत आणून देईल, पुसून, दोनदा आभार मानून. हे परकेपणाचं लक्षण आहे. हिशेब मिटला, देणंघेणं संपलं, पुन्हा यायचं कारण उरलं नाही. दुसऱ्यांदा नेलेला स्क्रूड्रायव्हर रात्रभर तिच्याकडे राहील. मग कधीतरी पहिलीला तो हवा असेल आणि ती स्वतः जाऊन घेईल, तेव्हा दुसरीच्या घरात प्रथमच पाऊल टाकेल आणि पडदा तिरका बसलाय हे तिला दिसेल. ती ते बोलून दाखवते का? माझ्या मते तिथे तुझ्या कथेचा कणा आहे. नुसती ओळख असती तर ‘छान दिसतोय’ म्हणून निघाली असती. ती म्हणते, ‘डावीकडून खाली आलाय.’ आणि दुसरी क्षणभर गप्प राहून स्टूल ओढते. हा क्षण सावकाश लिही, अर्धं पान दे. आधीच्या टाळाटाळीला तीन-चार ओळी पुरेत.

आता संबोधनं. इथे मराठी तुझ्या हाती जे देते ते सोडू नकोस. तुझ्या दोघी पहिल्याच पानापासून एकमेकींना ‘तू’ म्हणतात. तिशीतल्या दोन अनोळखी बायका असं बोलत नाहीत. त्या आधी ‘तुम्ही’वर असतात, आणि ‘तुम्ही’ फार परकं वाटायला लागलं पण ‘तू’ म्हणायचा धीर होत नाही, अशा मधल्या काळात माणसं कर्ताच गाळतात. ‘आज उशिरा येणं झालं?’ ‘कुठे निघणं झालं?’ हे अर्धवट, कुणालाच उद्देशून नसलेलं बोलणं म्हणजे मैत्रीचा उंबरठा आहे. ते तुझ्या मधल्या भागात ऐकू येऊ दे. मग पडदा सरळ करताना स्टूल डगमगतं आणि खालून तोंडातून निघून जातं, ‘अगं, धर!’ त्या ‘अगं’वर कुणीही काही बोलू नये. पुढचं वाक्य वरून यावं आणि तेही ‘तू’मध्ये असावं, एवढंच. ‘आता आपण अहो-जाहो सोडू या’ असं त्यांना बोलायला लावलंस तर सगळं सांडेल. ती वाचकानं पकडायची गोष्ट आहे.

आणखी एक. सगळी कथा तू एकीच्या मनातून सांगतेस, आणि मध्येच दोन वाक्यांत दुसरीच्या मनात डोकावून येतेस. ती दोन वाक्यं काढ. पलीकडच्या दाराआड काय चाललंय हे पहिलीला कळत नाही, यावरच सगळा अवघडलेपणा उभा आहे. दुसरीही जिना धरून टाळत होती, हे पहिलीला आणि वाचकाला एकदमच कळू दे. स्टुलावर उभी असताना ती सांगेल, ‘मी त्या दिवशी चौथा का म्हणाले, माहितेय?’

शेवटाला मोठं काही नको. मला सुचतं ते असं: काही आठवड्यांनी पहिली गावाला निघते आणि किल्ली दुसरीच्या हातात देते. दुसरी किल्ली ठेवायला ड्रॉवर उघडते, तर आत तो स्क्रूड्रायव्हर पडलेला. दोघींना दिसतो. ड्रॉवर बंद होतो. तुला याहून बरं सुचलं तर तेच लिही, फक्त ते त्यांच्या दारांच्या मधल्या जागेतून आलेलं असू दे.

आधी नकाशा काढ, मग जिन्यातला आणि पडद्याचा असे दोनच प्रसंग लिहून पाठव. बाकीचं नंतर बघू.

वाट बघतोय.