चोरीच्या खटल्यातून निर्दोष सुटल्यावर मालकावर भरपाईचा दावा

प्रश्न: नाशिकच्या सराफ बाजारात एका दुकानात कामाला होतो. पगार थकला होता, तो मागितल्यावर मार्च 2022 मध्ये मालकाने बांगडी चोरल्याचा आळ घेतला, चार तास मागच्या खोलीत कोंडलं आणि पोलिसांत दिलं. दोन दिवस कोठडी, मग जामीन. उलटतपासात मालकाने कबूल केलं की तक्रारीआधीच त्याने सीसीटीव्ही पाहिला होता आणि मी काउंटरजवळही नव्हतो. गेल्या महिन्यात निर्दोष सुटलो. भरपाई मिळेल का?

उत्तर: मी नाशिकला दिवाणी वकिली करतो. तुमची बाजू चांगली आहे, पण तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे दावे होते आणि त्यातला एक मुदत संपल्यामुळे हातचा गेला आहे.

मागच्या खोलीतले चार तास म्हणजे फॉल्स इम्प्रिझनमेंट, बेकायदा डांबून ठेवणं. यात फार सिद्ध करावं लागत नाही. तुम्हाला कुठूनही बाहेर पडता येत नव्हतं, एवढं दाखवलं की कोंडण्याला कायद्याचा आधार होता हे मालकाने दाखवायचं. द्वेष होता की नव्हता, नुकसान झालं की नाही, हे इथे विचारत नाहीत. स्वातंत्र्य गेलं हीच इजा. पण मुदत कायद्याच्या अनुच्छेद 73 प्रमाणे कोंडणं संपल्यापासून एक वर्षात दावा लावावा लागतो. फौजदारी खटला चालू होता म्हणून ही मुदत थांबत नाही. म्हणजे मार्च 2023 मध्येच ती संपली. खटला संपू दे मग बघू, म्हणून थांबणाऱ्या किती जणांचा हा हक्क असाच जातो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

पोलीस कोठडीचे दोन दिवस मात्र फॉल्स इम्प्रिझनमेंटमध्ये मोडत नाहीत. ती मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने झाली. मध्ये न्यायालयाचा निर्णय आला की कोंडणारा मालक राहत नाही. त्या दिवसांची भरपाई दुसऱ्या दाव्यातून मागायची, तो म्हणजे मॅलिशस प्रॉसिक्युशन, द्वेषबुद्धीने चालवलेला खटला. याची एक वर्षाची मुदत अनुच्छेद 74 प्रमाणे निर्दोष सुटल्यापासून मोजतात, म्हणजे तुमच्याकडे सुमारे अकरा महिने आहेत. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, दाव्याच्या नाही. त्यामुळे नकलेची वाट बघत बसू नका.

या दाव्यात मात्र सगळं ओझं तुमच्यावर. खटला मालकानेच चालवला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी कारण नव्हतं, हेतू वाईट होता आणि तुमचं नुकसान झालं, हे पाचही तुम्ही सिद्ध करायचं. निर्दोष सुटका यातला एकच मुद्दा भागवते. फौजदारी न्यायाधीशांनी निकालात मालकाला कितीही खोटारडा म्हटलं असलं, तरी दिवाणी न्यायालय ती कारणं आयती घेत नाही. कारण नव्हतं हे नव्याने दाखवावं लागतं.

खटला तर सरकारने चालवला, मालक फक्त साक्षीदार होता, असा बचाव हमखास येतो. त्याला उत्तर 1908 च्या गया प्रसाद वि. भगत सिंग खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, दिलं आहे: फिर्यादीचं वागणं आधीपासून शेवटपर्यंत बघायचं. ‘बांगडी सापडत नाही, याच्यावर संशय आहे’ एवढंच सांगून तपास पोलिसांवर सोपवणारा माणूस बहुधा सुटतो. खोटं माहीत असून नाव घेणारा, पोलिसांची दिशाभूल करणारा सुटत नाही. म्हणून तुमच्या प्रकरणाचा प्राण त्या सीसीटीव्हीच्या कबुलीत आहे. फुटेज बघून, तुम्ही काउंटरजवळ नाही हे कळूनही फिर्याद दिली, तर वाजवी कारण उरत नाही. मालकाची ती साक्ष त्याच्याविरुद्ध कबुली म्हणून वापरता येते, तेव्हा साक्षीची प्रमाणित नक्कल आधी काढा. हेतूसाठी थकलेला पगार दाखवा: व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बँकेचं स्टेटमेंट. वैयक्तिक वैर असलंच पाहिजे असं नाही. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी याऐवजी पगार बुडवण्यासाठी फिर्याद दिली, तर तोही द्वेषच.

भरपाईचे तीन भाग 1698 च्या एका इंग्लिश खटल्यापासून चालत आले आहेत: नाव, शरीर आणि पैसा. पैशाचा भाग पावतीवर चालतो. समजा वकिलाची फी 60,000 रुपये झाली, 15,000 पगाराची नोकरी गेल्यावर आठ महिने काम मिळालं नाही म्हणून 1,20,000. तर 1,80,000 नेमके मागता येतात. मध्ये दुसरीकडे कमावलं असेल तर ते वजा होतं. कोठडी, मनस्ताप आणि बाजारातली नाचक्की यांचा आकडा न्यायालय आपल्या अंदाजाने ठरवतं, आणि आपल्याकडे तो हात आखडूनच देतात. म्हणून पन्नास लाख लिहू नका. दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी लागते. बदनामीसाठी, ‘चोरीची केस आहे’ म्हणून काम नाकारणाऱ्या एखाद्या दुकानदाराची साक्ष मिळाली तर ती भारी ठरते.

पोलिसांना प्रतिवादी करायचं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. पण तुमच्या हकिगतीत दोष मालकाचा दिसतो, मी फक्त त्याच्यावरच दावा लावला असता. फीची अडचण असेल तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. उत्पन्न कमी असणाऱ्यांना तिथून वकील मोफत मिळतो.