पोस्टडॉकच्या पत्राचे एक पान

"पुण्यात रब्बी ज्वारीच्या मुळांवर पीएचडी केली, तोंडी परीक्षा नुकतीच झाली. जर्मनीत मातीतल्या मुळांचे एमआरआय करणाऱ्या एका गटाला एका पानाचे पत्र पाठवायचे आहे. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत असतील. पत्रात काय लिहावे?"

व्हिसाची माहिती दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळेल. मी पत्राविषयीच लिहितो. आरंभ निष्कर्षाने करा. "ज्वारीच्या मुळांचा अभ्यास केला" यातून प्राध्यापकांना काहीच कळत नाही. साठलेल्या ओलीवर वाढलेल्या मालदांडीची मुळे दुसऱ्या वाणापेक्षा खोल गेली आणि दाणे भरताना तिची पाने जास्त दिवस हिरवी राहिली, असे तुमचे आकडे सांगत असतील, तर तेच पहिले वाक्य करा. हा फरक एकाच हंगामात दिसला असेल, तर तेही तिथेच सांगा.

पद्धतीला तीन-चार वाक्ये पुरतात: मातीचे गाभे थराथराने काढले, चाळणीवर धुतले, मुळे स्कॅन करून लांबी मोजली. मात्र धुताना बारीक मुळे तुटून वाहून जातात, त्यामुळे लांबी कमी भरते, ही मर्यादा लिहायला विसरू नका. कारण मुळे न उपटता पाहणाऱ्या एमआरआयची गरज तिच्यातूनच सिद्ध होते.

खरा कस पुढच्या परिच्छेदात लागतो. "आपल्या कार्याने प्रभावित झालो" हे वाक्य कोणत्याही प्रयोगशाळेला चालते, म्हणून ते गाळा. दख्खनची काळी माती बेसॉल्टपासून झालेली आहे. तिच्यातील चुंबकीय खनिजांमुळे एमआरआयची प्रतिमा विकृत होते. शिवाय कुंडीत बसेल तेवढीच खोली दिसते. तेव्हा "आमची माती तुमच्या यंत्रात घालतो" असे लिहिलेत, तर जाणकार तिथेच पत्र बाजूला ठेवील. त्याऐवजी असे मांडा की कोवळ्या रोपांच्या मुळांचा कोन त्यांच्याकडील योग्य मातीत मोजायचा आणि तो तुमच्या शेतातील खोलीच्या नोंदींशी जुळतो का ते पाहायचे. त्यांच्याकडे यंत्र आहे, तुमच्याकडे शेतातील नोंदी आहेत. तुम्हाला घेण्याचे कारण त्यांना इथे सापडते.

शेवटी रुजू होण्याची तारीख द्या. माझी स्वतःची तारीख मी आजही मनातून काढू शकलेलो नाही. आम्ही जर्मनीत फेब्रुवारीत आलो. इथले शालेय वर्ष उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होते. भाषा येत नाही म्हणून शाळेने मुलीला एक इयत्ता खाली बसवले. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या शाळांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तिची वाट ठरवताना तिच्या गणितापेक्षा तिचे जर्मन मोजले गेले, असे मला अजूनही वाटते. एकटेपणा कामात निभावतो. हे मात्र निभावले नाही. म्हणून शक्य असल्यास ऑगस्ट किंवा सप्टेंबर लिहा. त्याच ओळीत तोंडी परीक्षेची तारीख द्या आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र हाती आहे की नाही, ते स्पष्ट करा. माझ्या विद्यापीठाने ते महिनोन्महिने अडवून ठेवले होते आणि तोवर इथला करार पुढे सरकला नव्हता.